खोकल्याच्या बाटलीमागची बारीक अक्षरे

माझे माहेर अमरावतीचे, सासर अकोल्याचे. औषधनिर्माणशास्त्राची पदविका लग्नाआधीच झाली होती, त्यामुळे सासरच्या मेडिकलच्या काउंटरवर मी गेली एकोणीस वर्षे बसते. मोहल्ल्यातली मंडळी मला बाजी म्हणतात, खेड्यांतून येणारी गिऱ्हाइके ताई म्हणतात. दिवाळीच्या सुमारास कापसाचा हंगाम सुरू होतो, जिनिंगमध्ये धूळ उडू लागते, पहाटे गारठा पडतो. तेव्हापासून होळीपर्यंत आमच्या काउंटरवर सर्वांत जास्त ऐकू येणारे वाक्य एकच असते, "ताई, खोकल्याचं औषध द्या."

मी लगेच विचारते, "खोकला कोरडा आहे की कफ पडतो? किती दिवस झाले? घ्यायचं कोणाला आहे?" काही जण वैतागतात. पण "खोकल्याचं औषध" नावाचे एकच औषध कुठेच नसते. आमच्या कपाटात एका रांगेत वीस-पंचवीस बाटल्या उभ्या असतात. रंग लाल किंवा तपकिरी, चव गोड, खोक्यावर तुळशीचे नाहीतर आल्याचे चित्र. आतल्या औषधांची कामे मात्र एकमेकांच्या उलट असू शकतात, आणि ती बाटलीच्या मागच्या बारीक अक्षरांतूनच कळतात. ती अक्षरे कशी वाचायची आणि त्यांतल्या दोन नावांमध्ये काय फरक आहे, हे आपल्या घरांत माहीत असावे म्हणून हा लेख.

थांबवणारी, हलवणारी, पातळ करणारी

खोकला हा फुप्फुसांचा झाडू आहे. श्वासनलिकेत धूळ, जंतू किंवा कफ साचला की मेंदूतल्या खोकल्याच्या केंद्राला निरोप जातो आणि छातीचे स्नायू जोराने हवा बाहेर फेकतात. कफ पडत असेल तर हा झाडू चालू राहणे गरजेचे असते. घसा खवखवून नुसता कोरडा खोकला येत असेल, रात्रभर झोप लागत नसेल, तर तो थोडा शांत केलेला बरा.

म्हणून खोकल्याच्या औषधांची तीन घराणी आहेत. पहिले घराणे खोकला थांबवणारे. ही औषधे मेंदूतल्या त्या केंद्राला गुंगवतात. कोडीन आणि डेक्स्ट्रोमेथॉर्फन ही या घराण्यातली दोन मोठी नावे. दुसरे घराणे कफ हलवणारे. ग्वायफेनेसिन, अमोनियम क्लोराइड ही त्यातली नावे. यांच्यामुळे श्वासनलिकेत ओलावा वाढतो आणि कफ वर सरकतो, असे मानले जाते. तिसरे घराणे कफ पातळ करणारे. ब्रोमहेक्सिन, अँब्रोक्सॉल, अॅसिटिलसिस्टीन ही औषधे चिकट कफाची तार तोडतात. यातले ब्रोमहेक्सिन आपल्याला अगदीच परके नाही. नानी-दादी ज्या अडुळशाच्या पानांचा काढा द्यायच्या, त्या अडुळशातल्या व्हॅसिसीन नावाच्या द्रव्यावरूनच ते प्रयोगशाळेत तयार झाले.

आता असा विचार करा, की एकाच बाटलीत कफ पातळ करणारे औषधही आहे आणि खोकला थांबवणारेही. एक म्हणते कफ बाहेर काढा, दुसरे झाडूच बांधून ठेवते. कफ पातळ होऊन छातीत तसाच राहतो. अशा बाटल्या आपल्या देशात वर्षानुवर्षे विकल्या गेल्या. २ जून २०२३ रोजी केंद्र सरकारने औषधांच्या चौदा मिश्रणांवर बंदी घातली. त्यांत ब्रोमहेक्सिन, डेक्स्ट्रोमेथॉर्फन आणि अमोनियम क्लोराइड एकत्र असलेले मिश्रण होते, तसेच कोडीन आणि क्लोरफेनिरामिन यांचे सिरपही होते. या मिश्रणांना वैद्यकीय आधार नाही आणि त्यांतून धोका होऊ शकतो, असे कारण दिले गेले. घरातल्या कपाटात जुनी बाटली पडली असेल तर तिच्यामागची नावे एकदा वाचून पाहा.

अफूच्या शेतातून आलेले कोडीन

कोडीन अफूतून मिळते. १८३२ साली पॅरिसच्या रोबिके नावाच्या रसायनतज्ज्ञाने ते अफूतून वेगळे काढले. आपल्या शेजारच्या मध्य प्रदेशात नीमच-मंदसौर भागात सरकारी परवान्याने अफूची शेती होते आणि नीमचला सरकारचा अफू व अल्कलॉइड कारखाना आहे.

कोडीन पोटात गेल्यावर स्वतः फारसे काही करत नाही. ते यकृतात जाते. तिथे एक विशिष्ट एन्झाइम त्यातल्या थोड्या भागाचे, साधारण दहाव्या हिश्शाचे, मॉर्फीन बनवते. खरे काम हे मॉर्फीन करते. खोकला दबतो, दुखणे कमी वाटते, झोप येते, मनाला एक प्रकारची ऊब वाटते. त्याबरोबरच आतडी मंदावतात आणि बद्धकोष्ठ होते. मात्रा वाढली तर श्वास मंदावतो. ही ऊबच सवयीचे मूळ आहे. काही दिवसांनी तेवढ्याच मात्रेत ती मिळत नाही आणि मग मात्रा वाढत जाते.

यात आणखी एक अडचण आहे. ते एन्झाइम सगळ्यांच्या यकृतात सारख्या वेगाने काम करत नाही. काही जणांमध्ये ते फार चपळ असते. अशा माणसाने नेहमीचीच मात्रा घेतली तरी मॉर्फीन भराभर तयार होते. कोण चपळ आणि कोण मंद, हे चेहऱ्यावर लिहिलेले नसते. म्हणूनच बारा वर्षांखालील मुलांना कोडीन देऊ नये, असे युरोप-अमेरिकेतल्या औषध नियंत्रकांनी ठरवले आहे. बाळाला अंगावर पाजणाऱ्या आईनेही ते घेऊ नये, कारण तयार झालेले मॉर्फीन दुधातून बाळाला जाते. दम्याच्या रुग्णाला आणि विडीमुळे फुप्फुसे खराब झालेल्या म्हाताऱ्या माणसाला तर कफ पडणे हाच आधार असतो. त्यांच्यासाठी हे औषध दुहेरी धोक्याचे आहे.

आपल्याकडे १ मार्च २०१४ पासून कोडीन परिशिष्ट एच-वन या कडक यादीत आहे. अशा बाटलीवर लाल किनारीच्या चौकटीत इशारा छापलेला असतो. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ती देता येत नाही. दिली तर डॉक्टरांचे नाव, रुग्णाचे नाव, औषध आणि नग असे सगळे आम्हाला वेगळ्या वहीत लिहावे लागते, आणि ती वही तीन वर्षे जपून ठेवावी लागते. "बाजी, ओळखीचे आहोत ना, चिठ्ठी कशाला?" असे कोणी म्हणाले की मी ती वहीच उघडून दाखवते.

इतके असूनही साध्या सर्दीच्या खोकल्यावर कोडीन किती उपयोगी, याचा अभ्यास झाला तेव्हा ते औषध नसलेल्या गोड सिरपपेक्षा फारसे सरस ठरले नाही. म्हणजे धोका पूर्ण आणि फायदा थोडा.

आरशातले प्रतिबिंब

डेक्स्ट्रोमेथॉर्फन हे नाव जड आहे, पण त्याची गोष्ट सोपी आहे. कोडीनसारखा खोकला दाबणारे पण सवय न लावणारे औषध हवे, हा शोध विसाव्या शतकात चालू होता. १९५८ मध्ये अमेरिकेत डेक्स्ट्रोमेथॉर्फनला मान्यता मिळाली. ते अफूतून येत नाही, कारखान्यात तयार होते.

त्याची रचना समजण्यासाठी आपले दोन्ही हात समोर धरा. दोन्हींना पाच बोटे, लांबी-रुंदी सारखी. तरी डाव्या हाताचा मोजा उजव्या हातात बसत नाही, कारण एक हात दुसऱ्याचे आरशातले प्रतिबिंब आहे. काही औषधांच्या रेणूंचेही असे उजवे-डावे रूप असते. मेथॉर्फन नावाच्या रेणूचे डावे रूप म्हणजे लेव्होमेथॉर्फन. ते अफूच्या घराण्यासारखे वागते आणि मॉर्फीनहूनही तीव्र आहे. उजवे रूप म्हणजे डेक्स्ट्रोमेथॉर्फन. अफू ज्या कुलपाला लागते त्या कुलपात ही उजवी किल्ली बसत नाही. त्यामुळे नेहमीच्या मात्रेत ते खोकल्याचे केंद्र शांत करते, पण मॉर्फीनची ऊब देत नाही, श्वास मंदावत नाही, आणि आतडीही फारशी बांधत नाही.

यकृतातले जे एन्झाइम कोडीनला मॉर्फीन बनवून धार लावते, तेच एन्झाइम डेक्स्ट्रोमेथॉर्फन मोडून संपवते. म्हणजे ज्याचे एन्झाइम चपळ, त्याला कोडीनचा धोका जास्त. ज्याचे मंद, त्याच्या अंगात डेक्स्ट्रोमेथॉर्फन जास्त वेळ रेंगाळते.

याचा अर्थ डेक्स्ट्रोमेथॉर्फन निरुपद्रवी आहे असा नाही. मोठ्या माणसासाठी दिवसाची कमाल मर्यादा १२० मिलिग्रॅम. तिच्यापलीकडे गेले की ते मेंदूतल्या दुसऱ्याच कुलपाला लागते. चक्कर येते, तोल जातो, भास होतात, आपण आपल्या अंगाबाहेर आहोत असे वाटू लागते. नैराश्यावरच्या काही गोळ्यांबरोबर घेतले तर थरथर, घाम, ताप आणि बडबड असा गंभीर त्रास होऊ शकतो. औषधांना न जुमानणाऱ्या क्षयरोगात लिनेझोलिड नावाची गोळी देतात, तिच्याबरोबरही हाच धोका असतो. म्हणून मानसिक आजाराची किंवा क्षयाची औषधे चालू असतील तर खोकल्याचे सिरप घेण्याआधी डॉक्टरांना ती सगळी पाने दाखवावीत.

कोल्हापूर ते लाहोर

डावा हात आणि उजवा हात ही केवळ पुस्तकातली गोष्ट नाही. या फरकावर माणसे मेली आहेत, आणि त्या घटनेचा एक धागा आपल्या महाराष्ट्रात येतो.

नोव्हेंबर २०१२ मध्ये पाकिस्तानातल्या लाहोर शहरात आणि डिसेंबरच्या शेवटी गुजरानवाला इथे खोकल्याचे सिरप प्यायल्याने एकापाठोपाठ एक माणसे दगावू लागली. दोन्ही ठिकाणी मिळून सुमारे पन्नास जण गेले. त्यांतले बहुतेक नशेसाठी बाटल्याच्या बाटल्या पिणारे होते. सिरप स्थानिक कंपन्यांची होती, एका कंपनीची नव्हती. पण दोन्हीकडच्या सिरपात डेक्स्ट्रोमेथॉर्फन होते, आणि त्याचा कच्चा माल कोल्हापूरच्या कोंडुस्कर लॅबोरेटरीज या एकाच कारखान्यातून गेला होता. तपासणीत आढळले, की त्या उजव्या मालात डाव्या रूपाची, म्हणजे लेव्होमेथॉर्फनची भेसळ आहे. जानेवारी २०१३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने सगळ्या देशांना या मालाबद्दल इशारा दिला.

त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये दक्षिण अमेरिकेतल्या पॅराग्वे देशात खोकल्याचे औषध घेतलेले रुग्ण श्वास कोंडून रुग्णालयात येऊ लागले. तिथले डॉक्टर चक्रावले. जागतिक आरोग्य संघटनेच्या नोंदी तपासल्यावर धागा पुन्हा त्याच कच्च्या मालाशी जुळला.

हा घोटाळा सहज का दिसला नाही? उजव्या आणि डाव्या रूपाचे वजन एकच, रासायनिक घटक तेच. नुसते "मेथॉर्फन आहे का आणि किती आहे" एवढेच मोजणाऱ्या चाचणीत दोन्ही एकसारखेच दिसतात. फरक पकडायचा तर द्रावणातून विशिष्ट प्रकारचा प्रकाश सोडून तो कोणत्या बाजूला वळतो हे पाहावे लागते. उजवे रूप तो एका बाजूला वळवते, डावे दुसऱ्या बाजूला. अशा खास चाचणीतच भेसळ उघडी पडते. घरी बसून हे कोणालाच कळणार नाही. आपल्या हातात एवढेच असते, की बाटली परवानाधारक दुकानातून बिलासह घ्यावी, बॅच नंबर वाचता येईल असा बाटलीवर राहू द्यावा, आणि औषध मोजून घ्यावे. लाहोरमध्ये ज्यांनी बाटली तोंडाला लावली त्यांच्यापर्यंत ते विष सर्वांत जास्त पोहोचले.

एका आईने आणलेली बाटली

काही वर्षांपूर्वी, जानेवारीच्या थंडीत, आमच्या ओळखीच्या एक खाला दुपारी दुकानात आल्या. ओळख पटू नये म्हणून मी तपशील थोडे बदलले आहेत. मुलगा बावीस वर्षांचा, गॅरेजमध्ये कामाला. त्यांनी ओढणीखालून एक रिकामी बाटली काढली. "बाजी, याच्या गादीखाली अशा सहा निघाल्या. खोकला तर याला नाही. हे काय आहे?"

मी बाटली फिरवून मागची अक्षरे त्यांना वाचून दाखवली. दर ५ मिलिलिटरमध्ये कोडीन फॉस्फेट १० मिलिग्रॅम, क्लोरफेनिरामिन ४ मिलिग्रॅम. बाटली १०० मिलिलिटरची. म्हणजे वीस चमचे. वीस गुणिले दहा, २०० मिलिग्रॅम कोडीन. खोकल्यासाठी मोठ्या माणसाला दिवसभरात जास्तीत जास्त १२० मिलिग्रॅम, तेही विभागून. हा मुलगा एका दमात दोनशे पीत होता. शिवाय ८० मिलिग्रॅम क्लोरफेनिरामिन, जे सर्दीसाठी दिवसाला २४ मिलिग्रॅमच्या पुढे देत नाहीत. वहीत त्याचे नाव नव्हते, बाटल्या आमच्या दुकानातल्या नव्हत्या. बिल न देता जास्त पैसे घेऊन कोणीतरी त्या विकत होते.

मी त्यांना काही प्रश्न विचारले. "दिवसा पेंगतो का? अंग खाजवतो का? डोळ्यांच्या बाहुल्या अगदी बारीक, टाचणीच्या टोकासारख्या दिसतात का? संडासला साफ होत नाही अशी तक्रार करतो का? गोड जास्त खातो का?" त्या एकेका प्रश्नावर मान हलवत होत्या. मग म्हणाल्या, "पण बाजी, मागच्या आठवड्यात मी त्याला दोन दिवस घरात कोंडून ठेवलं होतं. तेव्हा त्याला खरंच सर्दी झाली. नाक गळत होतं, सारख्या जांभया, अंगावर काटा, हातपाय मोडून येत होते, जुलाब झाले. मला दया आली. मी स्वतःच त्याला खोकल्याचं औषध आणून दिलं."

इथे फार घरे फसतात. कोडीनची सवय झालेल्या माणसाची बाटली एकदम बंद झाली की शरीर उलटे वागू लागते. नाक-डोळे गळणे, जांभया, काटा, अंगदुखी, जुलाब, बेचैनी, झोप न येणे. वरवर पाहता ती अगदी सर्दीच दिसते. आई काळजीने सिरप देते, आणि त्यात कोडीन असेल तर "सर्दी" तासाभरात पळते. आईला वाटते औषध लागू पडले.

खाला त्या दिवशी आणखी एक गोष्ट बोलल्या. मुलाने त्यांना शब्द दिला होता, की आता तो "बिनकोडीनचं" सिरपच घेईल. तीही बाटली त्यांच्याकडे होती. मागे डेक्स्ट्रोमेथॉर्फन लिहिले होते. मी त्यांना सांगितले, "खाला, याने कोडीनची तलफ भागत नाही, कारण ही किल्ली त्या कुलपाला लागत नाही. म्हणून तो एक बाटली पिईल, मग दुसरी. मग बाहुल्या बारीक होण्याऐवजी मोठ्या होतील, तोल जाईल, भास होतील. अशा वेळी त्याला झोपू द्यायचं नाही, दवाखान्यात न्यायचं. आणि डॉक्टरांना कोणती बाटली ते दाखवायचं." हे दाखवणे महत्त्वाचे, कारण कोडीनमुळे श्वास मंदावला असेल तर नालोक्सोन नावाचे इंजेक्शन देऊन तो परत आणता येतो. डेक्स्ट्रोमेथॉर्फनच्या अतिमात्रेत त्याचा तसा भरवसा नसतो, तिथे उपचाराची दिशा वेगळी असते.

मुलाला कोंडून ठेवून सवय सुटत नाही. सुटलीच तर काही दिवसांनी तो जुन्याच मात्रेने पुन्हा सुरू करतो आणि तोवर शरीराची सहनशक्ती कमी झालेली असते. जीव जाण्याची वेळ बहुधा हीच असते. खाला आणि मुलाचे मामू त्याला सरकारी रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात घेऊन गेले. अकोल्यात सर्वोपचार रुग्णालय आहे, अमरावतीत इर्विन आहे. १४४४६ हा केंद्र सरकारचा व्यसनमुक्तीचा मोफत फोन क्रमांकही आहे. मुलाला औषधे मिळाली, काही महिने त्याचे जाणे-येणे चालले, मध्ये एकदा तो पुन्हा घसरला, परत गेला. मोहल्ल्यात कुजबुज झाली. "सिरपच तर आहे, दारू थोडीच आहे," असेही काही जण म्हणाले. नशा आणणारी वस्तू बाटलीवर औषधाचे नाव लावून आली म्हणून तिचे काम बदलत नाही, एवढे तरी आपल्या घरांत स्पष्ट असावे.

लहान मुले, रोजे आणि अल्कोहोल

लहान मुलांबद्दल थोडे वेगळे सांगायला हवे. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये छिंदवाडा जिल्ह्यातली लेकरे एका सिरपमुळे मूत्रपिंडे निकामी होऊन दगावली. त्यांतल्या कितीतरी मुलांना उपचारासाठी आपल्या नागपूरला आणले होते. त्या सिरपात डायएथिलीन ग्लायकॉल हे विषारी द्रव सापडले. त्याचा कोडीनशी किंवा डेक्स्ट्रोमेथॉर्फनशी संबंध नव्हता. पण त्यानंतर केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने जे सांगितले ते सगळ्याच सिरपांना लागू आहे. दोन वर्षांखालील मुलांना खोकला-सर्दीची औषधे देऊ नयेत, आणि पाच वर्षांखालीही सहसा देऊ नयेत. मुलांची सर्दी बहुधा आपोआप बरी होते.

मग द्यायचे काय? अमेरिकेत २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात खोकणाऱ्या मुलांच्या एका गटाला झोपण्याआधी मध दिला, दुसऱ्याला डेक्स्ट्रोमेथॉर्फन, तिसऱ्याला काहीच नाही. पालकांच्या सांगण्यानुसार रात्रीचा खोकला आणि झोप यांत मधाचा गट सर्वांत बरा ठरला. मात्रा अशी होती: दोन ते पाच वर्षांच्या मुलाला अर्धा चमचा, सहा ते अकराच्या मुलाला एक चमचा. मात्र एक वर्षाखालच्या बाळाला मध अजिबात देऊ नये, घुटी म्हणूनही नाही. मधातल्या एका जिवाणूमुळे तान्ह्या बाळाचे स्नायू लुळे पडू शकतात. मूल भराभर श्वास घेत असेल, बरगड्या आत ओढल्या जात असतील किंवा दूध पीत नसेल, तर मध आणि सिरप दोन्ही बाजूला ठेवून दवाखाना गाठावा.

रमजानमध्ये वेगळा प्रश्न येतो. दिवसातून तीनदा घ्यायचे सिरप रोजात कसे घ्यायचे? काही जण दुपारचा डोस भरून काढायला इफ्तारला दोन डोस एकदम घेतात. असे करू नये. डोस इफ्तारनंतर, झोपताना आणि सेहरीला बसवता येतात का, हे डॉक्टरांना विचारावे. दोन डोसांमधले अंतर तेच ठरवतील. झोप आणणारे सिरप घेऊन तरावीहला मोटारसायकलवर जाऊ नये. आजार मोठा असेल तर रोजाचे काय करायचे, हे डॉक्टर आणि मौलाना दोघांना विचारून ठरवावे.

"यात अल्कोहोल आहे का?" हा प्रश्न मला दर आठवड्याला येतो, आणि तो योग्यच आहे. काही जुन्या पद्धतीच्या टॉनिकांत आणि सिरपांत ते असते. असेल तर त्याचे प्रमाण लेबलवर टक्क्यांत छापलेले असते. नको असेल तर त्याशिवायची बाटली जवळजवळ नेहमी मिळते, फक्त मागावी लागते. गंमत एवढीच वाटते, की अल्कोहोलची ओळ शोधणारी नजर त्याच लेबलवरच्या कोडीनच्या ओळीवर थांबत नाही.

बाटली हातात घेतल्यावर

मी माझ्या नणंदेच्या मुलींना एवढेच शिकवले आहे. बाटली फिरवा आणि "दर ५ मिलिलिटरमध्ये" या शब्दांखालची नावे बोट ठेवून वाचा. शेवटी "डीन" असलेले कोडीन दिसले आणि लाल किनारीची चौकट असली, तर ज्याच्या नावाची चिठ्ठी आहे त्याच्याशिवाय ते कोणीही घेऊ नये, आणि उरलेली बाटली घरात ठेवू नये. डेक्स्ट्रोमेथॉर्फन दिसले तर ते फक्त कोरड्या खोकल्यासाठी, मोठ्यांसाठी, थोड्या दिवसांसाठी. अँब्रोक्सॉल, ब्रोमहेक्सिन, ग्वायफेनेसिन दिसले तर ते कफासाठी, आणि त्याबरोबर पाणी भरपूर प्यावे. चहाचा चमचा वापरू नये, कारण तो लहान-मोठा असतो. झाकणासोबत येणाऱ्या मापाच्या रेषेवरच औषध मोजावे.

आणि खोकला दोन आठवड्यांपेक्षा जास्त राहिला, संध्याकाळी बारीक ताप येऊ लागला, वजन उतरले किंवा कफात रक्ताचा धागा दिसला, तर कोणत्याही घराण्याची बाटली पुरे. सरकारी दवाखान्यात क्षयाची थुंकी तपासणी मोफत होते. खोकला थांबवणारे औषध तेव्हा फक्त आवाज बंद करते, आजार आत वाढत राहतो आणि घरातल्या इतरांपर्यंत पोहोचतो. अशा गिऱ्हाइकाला मी बाटली देत नाही. दवाखान्याचा पत्ता कागदावर लिहून देते आणि दुसऱ्या दिवशी तो गेला की नाही, हे त्याच्या घरच्या बाईला विचारते.